स्पिनला हादरणारं वॉशिंग मशीन : लेव्हल, कपडे आणि शेवटी सस्पेन्शन रॉड

आमचं टॉप लोड मशीन 2017 च्या दिवाळीत घेतलेलं, 7 किलोचं, फुल्ली ऑटोमॅटिक. 2023 पर्यंत त्याच्याकडे कधी बघावंही लागलं नव्हतं. 2024 चा पावसाळा सुरू झाला आणि स्पिनच्या वेळी ते धडधडायला लागलं. आधी वाटलं, कपडे जास्त झाले असतील. पण 14 जुलैला, रविवारी, ड्राय बाल्कनीत गेले तर मशीन भिंतीपासून वीतभर पुढे सरकलेलं आणि नळाचा पाइप ताणला गेलेला. त्याच संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू येऊन सांगून गेल्या, "अगं, आमच्या छतावर कुणीतरी उड्या मारतंय असं वाटतं." त्या रागावल्या नव्हत्या, पण मला फार संकोच वाटला. पुढे महिनाभर या मशीनमागे गेला. जे कळलं ते त्याच क्रमाने लिहिते, कारण हा क्रमच महत्त्वाचा आहे. आधी फुकटचं सगळं तपासायचं आणि मगच पैसे खर्च करायचे.

मशीन इतकं का हादरतं हे आधी समजून घेतलं. स्पिनला ड्रम मिनिटाला साधारण 700 फेरे मारतो. ड्रमच्या एका बाजूला अर्धा किलो ओला कपडा जास्त राहिला, तर त्या वेगाला तो बाहेरच्या बाजूला सुमारे 50 किलोच्या वजनाइतकी ओढ लावतो, आणि ही ओढ प्रत्येक फेऱ्याला दिशा बदलत गोल फिरते. आख्खं मशीन भरतं 35 किलोच्या आसपास. म्हणजे ही ओढ थेट बॉडीला बसली तर मशीन जागेवर राहणं शक्यच नाही. ती बसू नये म्हणून बाहेरचा प्लास्टिकचा टब, त्यातला स्टीलचा ड्रम आणि खालची मोटर हे सगळं मिळून बॉडीच्या चार कोपऱ्यांतून चार रॉडवर पाळण्यासारखं टांगलेलं असतं. हेच सस्पेन्शन रॉड. प्रत्येकाच्या खालच्या टोकाला स्प्रिंग असते आणि हेलकावा जिरवणारी एक प्लास्टिकची वाटी असते. ड्रमच्या वरच्या काठाला मिठाचं पाणी भरलेली पोकळ रिंगही असते. हाताने ड्रम फिरवला की आत पाण्याचा खळखळ आवाज येतो तो तिचाच. तो आवाज ऐकून पाणी अडकलंय असं समजू नका, तो नव्या मशीनलाही येतो.

आमच्या इमारतीत एक काका आहेत. चिंचवडच्या एका कारखान्यात ते आयुष्यभर मेंटेनन्स फिटर होते. त्यांना सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हादरतं कधी? स्पिन चालू होताना, की पूर्ण वेगात?" मला नीट सांगता येईना. ते म्हणाले, "मग आधी मशीनसमोर उभं राहून बघ. स्क्रूड्रायव्हर नंतर."

त्यांचा प्रश्न फार नेमका होता. ड्रम वेग घेत असताना एक टप्पा असा येतो की टांगलेल्या टबचा स्वतःचा हेलकावा आणि ड्रमचे फेरे यांची लय जुळते. तेव्हा टब सगळ्यात जास्त झुलतो. वेग त्यापुढे गेला की तो आपोआप शांत होतो, आणि थांबताना पुन्हा एकदा त्याच टप्प्यातून जातो. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी थोडं डुलणं हे चांगल्या मशीनलाही असतं. पण त्या टप्प्यात टब बॉडीच्या पत्र्यावर ठण ठण आपटत असेल, तर एकतर कपडे एका बाजूला गोळा झालेत किंवा रॉड हेलकावा जिरवत नाहीत. उलट टब आत शांत आहे, पण पूर्ण वेगात आख्खं मशीनच थरथरत नाचतंय, तर संशय पायांवर आणि फरशीवर घ्यायचा. घुर्रर असा विमानासारखा आवाज येत असेल आणि तो वेगाबरोबर चढत असेल तर ते बेअरिंग, त्याचा रॉडशी संबंध नाही.

मी दोन-तीन धुण्यांना समोर उभी राहिले. आमच्याकडे दोन्ही गोष्टी होत्या. सुरुवातीला ठण ठण, आणि पूर्ण वेगातही बारीक नाच. म्हणजे दुखणी किमान दोन होती.

20 जुलैला, शनिवारी, काका त्यांची पाणसळ घेऊन आले. मशीन घेतलं तेव्हा डिलिव्हरीवाल्यांनीच विकलेलं चाकांचं प्लास्टिक स्टँड खाली होतं. झाडताना सोयीचं, म्हणून मला ते आवडायचं. काकांनी मशीन दोन्ही हातांनी हलवून दाखवलं. मशीनचे चारही पाय स्टँडवर पक्के होते, पण स्टँडच चाकांवर लवलव करत होतं. ते आधी काढलं. स्टँड वापरायचंच असेल तर लोखंडी आणि स्वतःच्या स्क्रूच्या पायांवर उभं राहणारं घ्यावं, असं त्यांचं मत.

मग त्यांनी जे केलं ते मला कधी सुचलं नसतं. पाणसळ मशीनवर न ठेवता त्यांनी ती फरशीवर ठेवली. ड्राय बाल्कनीच्या फरशीला जाळीकडे उतार दिलेला असतो, पाणी निघून जावं म्हणून. आमची जाळी मागच्या डाव्या कोपऱ्यात आहे, आणि मशीनचा मागचा डावा पाय नेमका त्याच खोलगट भागात होता. बऱ्याच टॉप लोड मशीनचे मागचे पाय फिक्स असतात, वर-खाली होतात ते पुढचे. आमचंही तसंच. त्यामुळे मागचे दोन पाय एकमेकांशी समपातळीत नसतील, तर पुढचे कितीही फिरवले तरी मशीन सरळ होत नाही.

"खाली पुठ्ठा किंवा लाकडाची चिप घालू का?" मी विचारलं.

"बाल्कनीत पाणी सांडणार. पुठ्ठा भिजून दबेल आणि लाकूड हादऱ्याने सरकेल. त्यापेक्षा जागा बदलू."

पाणसळ फरशीवर फिरवत त्यांनी उजव्या भिंतीलगत अशी जागा शोधली, जिथे डावी-उजवीकडे बुडबुडा मध्यावर राहत होता आणि उतार फक्त पुढच्या बाजूला होता. मशीन तिथे सरकवलं. मागचे पाय आता एका पातळीत आले आणि पुढचे दोन थोडे बाहेर काढून उंची जुळवली. पाय फिरवताना मी मशीन किंचित मागे कलवून धरलं होतं. हे काम एकट्याने करू नका. प्लग काढा, नळ बंद करा आणि आतलं पाणी काढून टाका.

पाणसळ बॉडीच्या काठावर ठेवायची, प्लास्टिकच्या झाकणावर नाही, कारण झाकण स्वतःच थोडं फुगीर असतं. एकदा डावी-उजवीकडे बघायचं, एकदा पुढे-मागे. त्यानंतर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर तळहात ठेवून आळीपाळीने दाबायचं. मशीन जरासं जरी टकटकलं, तर एक पाय अधांतरी आहे असं समजा. बुडबुडा मध्यावर असूनही असं होऊ शकतं, आणि स्पिनला नाचवणारा पाय बहुतेक हाच असतो. शेवटी पुढच्या दोन्ही पायांवरचा चेकनट वरच्या दिशेने, बॉडीला टेकेपर्यंत पान्याने घट्ट केला. तो सैल राहिला तर हादऱ्याने पाय हळूहळू आपला आपण फिरत जातो. पाणसळ घरात नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात छोटी शंभर-दीडशे रुपयांत मिळते. मोबाइलमधल्या अ‍ॅपनेही अंदाज येतो, पण कॅमेऱ्याचा उंचवटा असलेला फोन पालथा ठेवला की अ‍ॅप चुकीचं दाखवतं.

त्या दिवशीचं धुणं टाकलं तेव्हा पूर्ण वेगातला नाच थांबला. सुरुवातीची ठण ठण मात्र होती तशीच.

पुढचा आठवडा कपड्यांवर गेला. सगळ्यात आधी ड्रम पूर्ण रिकामा ठेवून फक्त स्पिन लावला. रिकामा ड्रमही पूर्ण वेगात जोरात हादरला असता, तर वरच्या रिंगमधलं पाणी गळालंय का हाही संशय घ्यावा लागला असता. आमचा रिकामा ड्रम सुरुवातीला एकदा डुलला आणि नंतर शांत फिरला. त्यामुळे रिंग आणि बेअरिंग ठीक असल्याचा दिलासा मिळाला.

मग सोलापुरी चादर एकटीच टाकून पाहिली. ती पाणी पिऊन एका बाजूला गोळा झाली. मशीनने स्पिन अर्ध्यात थांबवला, पुन्हा पाणी घेतलं, चादर हलवून पाहिली आणि पुन्हा स्पिनचा प्रयत्न केला. धुण्याची वेळ उगाच वाढत जाते आणि स्क्रीनवरची मिनिटं मागे येतात, ती याचमुळे. मशीनला असमतोल कळतो आणि ते पाण्यात कपडे मोकळे करायला बघतं. अशा वेळी पॉज करून, ड्रम पूर्ण थांबू द्यावा आणि झाकण उघडून कपडे हाताने कडेने सारखे पसरावेत. एका चादरीबरोबर दुसरी साधारण तेवढ्याच वजनाची चादर समोरच्या बाजूला ठेवली की फरक लगेच दिसतो.

जीन्स एकटी टाकू नये. मोजे-रुमाल भरलेली जाळीची पिशवी गच्च असेल तर तीही गोळ्यासारखीच वागते, म्हणून अर्धीच भरावी. आणि पावसाळ्यात हे विशेष सांगते : रेनकोट, गादीवरचं वॉटरप्रूफ कव्हर, ताडपत्रीसारखं काहीही स्पिनला लावू नका. त्याच्या घडीत पाणी अडकून बसतं, ड्रमच्या भोकांतून निघत नाही, आणि पूर्ण वेगात ते अचानक एका बाजूला सुटलं तर मशीन उलटण्याइतका झटका बसू शकतो. आमच्या सासूबाई रेनकोट बादलीतच धुऊन दोरीवर निथळत ठेवतात, तेच बरोबर आहे.

एकसारख्या वजनाचे कपडे, सुटे करून, ड्रमच्या कडेने पसरून टाकले तरीही ठण ठण येतच होती. म्हणजे कपडेही यातून सुटले. उरले रॉड.

रॉडची तपासणी बॉडी न उघडता होते, दोन पद्धतींनी. एक, प्लग काढून झाकण उघडायचं, ड्रमचा काठ दोन्ही हातांनी खाली दाबायचा आणि एकदम सोडायचा. चांगले रॉड असतील तर टब वर येतो, फार तर एकदा डुलतो आणि थांबतो. आमचा तीन-चारदा वर-खाली होत राहिला. हे चारही कोपऱ्यांजवळ करायचं. मागच्या उजव्या कोपऱ्यात दाबताना तर हाताला काही विरोधच लागत नव्हता.

दुसरी पद्धत काकांची, आणि ती मला जास्त आवडली. मशीन लेव्हलमध्ये आहे याची खात्री झालेली असताना ड्रममध्ये थोडं पाणी भरायचं. पाणी नेहमी समपातळीतच राहतं. ड्रमच्या भिंतीवर भोकांच्या आडव्या ओळी असतात. पाण्याची कड सगळीकडे एकाच ओळीशी जुळली तर टब सरळ टांगलेला आहे. आमच्याकडे पुढच्या डाव्या बाजूला जी ओळ कोरडी दिसत होती, तीच मागच्या उजव्या बाजूला पूर्ण बुडालेली. बॉडी सरळ आणि टब तिरका. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवला. तो पुढे फार उपयोगी पडला.

29 जुलैला कंपनीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिलाचा फोटो, मॉडेल नंबर आणि मागच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर हाताशी ठेवा, तो मशीन सरकवल्याशिवाय वाचता येत नाही. वॉरंटी कार्ड काढून वाचलं तर पूर्ण मशीनची 2 वर्षं कधीच संपलेली आणि 10 वर्षांची वॉरंटी फक्त मोटरची. रॉड त्यात येत नाहीत. व्हिजिट चार्ज 350 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 413. दुरुस्ती करून घेतली तर ते अंतिम बिलात वळते होतात, हे फोनवरच विचारून घेतलं. फोनवरच्या मुलीने लक्षणं ऐकून, "मॅडम, गिअरबॉक्स असू शकतो, सहा-सात हजार लागतील," असंही सांगितलं. ते ऐकून पोटात गोळा आला. त्या रात्री घरात नवीन मशीन घ्यायचीही चर्चा झाली.

31 जुलैला टेक्निशियन आला. पंचविशीतला मुलगा, हातात टूलबॅग आणि पुढच्या तीन कॉलची घाई. मी त्याला पाण्याच्या ओळीचा फोटो दाखवला आणि टब दाबून सोडायला सांगितलं. त्याने एकदाच दाबलं आणि म्हणाला, "ताई, रॉड गेलेत. गिअरबॉक्सला काही नाही. तो जातो तेव्हा ड्रम कपडे घुसळताना अडखळतो किंवा आवाज करतो." मागचे दोन बदलू म्हणाला. मी विचारलं, चारही का नको? त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की पुढचे अजून वर्षभर निघतील, पण नवे आणि जुने एकत्र घातले तर टब पुन्हा जुन्या बाजूला झुकेल. चारही सांगितले.

त्याच्याकडे पार्ट नव्हता. ऑर्डर टाकतो म्हणाला आणि मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. ओटीपी दिला की त्यांच्याकडे तक्रार पूर्ण झाल्याची नोंद होते. मी म्हटलं, "दादा, काम झालं की देते. आज जॉब शीटवर पार्ट पेंडिंग लिहून द्या." त्याने कुरकुर न करता लिहून दिलं, चार रॉड आणि पार्ट नंबरसकट. हा नंबर महत्त्वाचा. रॉड दिसायला सारखे असले तरी मॉडेलप्रमाणे लांबी आणि स्प्रिंगची ताकद बदलते, आणि काही मशीनमध्ये पुढचे आणि मागचे रॉडही वेगळे असतात. बाजारात चौकशी केली तर चारचा सेट 1100 ला मिळत होता, कंपनीचा 1760 ला. आमच्या मॉडेलचाच आहे असं दुकानदार खात्रीने सांगू शकला नाही, म्हणून कंपनीचा घेतला. वार्षिक देखभालीचा करार आणि ड्रम साफ करायची पावडर यांचीही विचारणा झाली. दोन्हीला नको म्हटलं.

मग वाट बघणं आलं. पार्ट आठवडाभरात येईल असं म्हणाले होते. मध्ये दोनदा मीच फोन करून तक्रार क्रमांक सांगितला. या काळात मशीनमध्ये फक्त धुणं करायचे, आणि स्पिन सगळ्यात कमी वेगाला लावायचे. टब आपटत असताना पूर्ण स्पिन चालू ठेवला तर आतल्या वायरी आणि पाण्याचे होज घासून तुटू शकतात, असं टेक्निशियननेच सांगितलं होतं. पावसात अर्धवट पिळलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नव्हते, आणि घरभर कुबट वास होता. 9 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, पार्ट आल्याचा एसएमएस आला. 12 ला, सोमवारी, तोच मुलगा एका मदतनिसाला घेऊन आला.

काम मी जवळ उभी राहून पाहिलं. प्लग काढला, नळ बंद केला, मागचे स्क्रू काढून वरचं कव्हर उचललं. चारही कोपऱ्यांत रॉडची डोकी दिसली, गोल गोळ्यासारखी, पत्र्याच्या खाचेत बसलेली. मदतनिसाने टब उचलून धरला, टेक्निशियनने एका रॉडचं डोकं खाचेतून वर काढलं आणि खालचं टोक टबच्या कानातून सोडवलं. एका वेळी एकच रॉड. टबला मोटर लागलेली असल्याने तो एकट्या माणसाला झेपत नाही. हे घरी करायचा विचार असेल तर निदान दोन जण हवेतच.

मागचा उजवा रॉड हातात घेतला तेव्हा सगळा उलगडा झाला. खालची प्लास्टिकची वाटी उभी चिरली होती. तिच्यातून दांडा वर-खाली ओढला तर तो सहज सरकत होता, तर नव्या रॉडचा दांडा ओढायला जोर लागत होता आणि तो हळूहळू परत येत होता. हा विरोध म्हणजेच रॉडचं काम. म्हणूनच आवाज येतो म्हणून कुणी त्या वाटीत तेल सोडलं तर हेलकावे कमी न होता वाढतात. ग्रीस लागतं ते फक्त वरच्या गोळ्याखाली, जिथे तो खाचेत फिरतो. कर्र कर्र येते ती बहुधा तिथूनच. नवे रॉड बसवताना त्याने जुन्याला लावून लांबी मोजली आणि गोळ्याखाली बोटभर ग्रीस लावलं.

कव्हर लावल्यावर मी पुन्हा दोन्ही तपासण्या करायला लावल्या. टब दाबून सोडला, वर आला आणि थांबला. पाणी भरलं, कड एकाच ओळीवर. मग ओले टॉवेल टाकून पूर्ण स्पिन. सुरुवातीला एक हेलकावा, पुढे फक्त मोटरचा आवाज. त्यानंतरच ओटीपी दिला. बिल झालं 2350 रुपये : रॉड 1760, मजुरी 500 आणि त्यावरचा 90 रुपये जीएसटी. आधी दिलेले 413 वजा करून उरलेले 1937 दिले. पार्टवर 3 महिन्यांची वॉरंटी, ती बिलावर लिहून घेतली. जुने रॉड तो नेणार होता, पण मी मागून ठेवून घेतले. एक काकांना दाखवायला आणि बाकीचे, पुढे कधी लांबी जुळवायची वेळ आली तर, माळ्यावर.

काकांनी जाताना सांगितलं होतं की फरशीवर नव्याने बसवलेलं मशीन पंधरा दिवसांनी पुन्हा तपासायचं. ऑगस्टच्या शेवटी पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्यावरच होता, पण पुढच्या उजव्या पायाचा चेकनट हाताने फिरेल इतका सैल झाला होता. पान्याने घट्ट केला आणि कॅलेंडरवर तीन महिन्यांनंतरची खूण करून ठेवली.